कोऱ्या ईमेलला काय उत्तर द्यावं?

जुलै लागला, की करसल्लागारांच्या लहान कार्यालयांत कोरे ईमेल येऊ लागतात. विषयाची ओळ रिकामी, आत एक अक्षर नाही. पाठवणाऱ्याला फॉर्म १६ जोडायचा असतो, पण फाइल जोडण्याआधीच बोट ‘पाठवा’वर पडतं. तो मात्र निर्धास्त असतो, कागद पोचले म्हणून!

अशांना आपोआप उत्तर जावं म्हणून बरीच कार्यालयं ‘आपला ईमेल मिळाला, लवकरच संपर्क साधू’ असं लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. अशील ती कागदांची पोच समजतो आणि विवरणपत्राची मुदत टळते. काय आलेलं नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवं. उदाहरणार्थ:

विषय: तुमचा ईमेल कोरा आला आहे

‘नमस्कार. तुमच्या ईमेलमध्ये मजकूर किंवा फाइल नाही. तुम्ही कागद पाठवले असतील, तर ते आम्हाला मिळालेले नाहीत. कृपया पुन्हा पाठवा. सोबत नाव, फोन नंबर आणि कोणत्या वर्षाचं काम आहे ते लिहा. पासवर्ड किंवा ओटीपी पाठवू नका. हे उत्तर आपोआप गेलं आहे.’

विषय मुद्दाम लिहायचा, कारण मूळ ईमेलला तो नसल्यामुळे उत्तरावर नुसतं ‘Re:’ उमटू शकतं आणि असं पत्र कोण उघडणार? ‘तुम्ही विसरलात’ असंही म्हणू नये. कधी फाइल वाटेतली सुरक्षा यंत्रणाच काढून टाकते.

खरी मेख आहे कोरा ईमेल ओळखण्यात. जीमेलच्या साध्या फिल्टरवर त्यासाठी विसंबता येत नाही. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये छोटा प्रोग्राम लिहून विषय, मजकूर आणि फाइल या तिन्ही गोष्टी तपासता येतात. फाइल तपासायची राहिली, तर नीट फॉर्म १६ जोडून एक ओळही न लिहिणाऱ्या अशिलाला ‘काही मिळालं नाही’ असं खोटंच कळतं. उलट, काही फोन तळाशी ‘Sent from my iPhone’ चिकटवतात, म्हणून रिकामा ईमेल संगणकाला भरलेला वाटतो. अशा ओळी तपासणीतून आधी वगळाव्या लागतात.

पत्ता चालू आहे का, हे पाहायला स्पॅमवालेही कोरे ईमेल पाठवतात. त्यांना उत्तर देणं म्हणजे ‘चालू आहे’ असं आपणच कळवणं. शिवाय पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असेल, तर आपलं उत्तर भलत्याच माणसाच्या गळ्यात पडतं. म्हणून उत्तर फक्त अशिलांच्या यादीतल्या पत्त्यांनाच जाऊ द्यावं. त्यांच्याकडेही स्वयंचलित उत्तर लावलेलं असेल, तर दोन यंत्रं एकमेकांना रात्रभर उत्तरं देत बसतील. जीमेलची सुट्टीची सूचना एका व्यक्तीला साधारण ४ दिवसांत एकदाच जाते. तीच मर्यादा इथे घालावी.

आठवड्याला दोन-चारच कोरे ईमेल येत असतील, तर या भानगडीत पडू नका. अशिलाला सरळ फोन करा.