खड्डा ६० सेंटिमीटरचा, फोटोत ४४

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्ग पुन्हा बातम्यांत येतो. वडखळ ओलांडून गडबच्या बाजूला निघालं की दिसणाऱ्या खड्ड्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ पासून का रेंगाळलं, यावर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते त्या फोटोंबद्दल. गावकरी म्हणतात खड्डा दोन फुटांचा, ठेकेदार म्हणतो दीडचाच. अशा वेळी फोटोवरून मोजलेला आकडा खरा धरायचा का?

समजा, रस्त्यापासून तीन मीटर उंचीवर कॅमेरा बसवलाय आणि तो सरळ खाली बघतोय. भिंग रुंद कोनाचं आहे. बरोबर खाली असलेला ६० सेंटिमीटरचा खड्डा फोटोत ६०चाच भरतो. तेवढाच खड्डा मध्यापासून १.८ मीटर बाजूला असेल, तर अशा भिंगात तो मध्याकडून कडेच्या दिशेने मोजताना जेमतेम ४४ भरतो आणि आडवा मोजताना सुमारे ५५. म्हणजे गोल खड्डा लंबगोल होतो! दोन फूट आणि दीड फूट म्हणणारे दोघेही प्रामाणिक असू शकतात.

असं होतं, कारण रुंद भिंग कडेचे बिंदू मध्याकडे ओढून घेतं आणि मध्यापासूनचं अंतर वाढेल तशी ही ओढ झपाट्याने वाढते. वरच्या उदाहरणात मी या ओढीचा जो आकडा धरलाय, त्याला k1 म्हणतात. तो इथे उणे ०.२५ आहे. कडेला बिंदू नऊ टक्केच सरकतो, पण त्याच्या पलीकडचा बिंदू त्याहून जास्त सरकत असल्याने दोघांमधलं अंतर सत्तावीस टक्क्यांनी आकसतं. चूक मोजणाऱ्याला फसवते ती इथे.

हा आकडा आपल्या कॅमेऱ्यासाठी शोधून काढणं म्हणजे कॅलिब्रेशन. पूर्वी त्यासाठी काटेकोर घडवलेली त्रिमितीय चौकट लागायची. १९९८ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या झेंगयू झांग यांनी दाखवून दिलं की कागदावर छापलेला काळा-पांढरा पट पुरतो. तो हातात धरून कसाही फिरवा; कसा फिरवला याची नोंद ठेवायची गरज नाही. पट सपाट आहे आणि चौकोन सारखे आहेत, एवढ्या माहितीवर गणित प्रत्येक फोटोतली पटाची जागा आणि भिंगाचे आकडे एकदमच सोडवतं. माझ्या मते, मोजमापाचं इतकं मोठं काम इतक्या स्वस्तात क्वचितच कुणी केलं असेल. आज ओपनसीव्ही या मोफत संगणक-साहित्यात ही रीत तयार मिळते.

पटाचे चौकोन २५ मिलिमीटरचे, आडवे दहा आणि उभे सात घेतले, तर ए-फोर कागदावर मावतात. प्रिंटरने पान थोडं लहान छापलं तरी घाबरू नका. दोन्ही दिशांना सारखंच लहान झालं असेल, तर भिंगाचे आकडे बदलत नाहीत. घात होतो तो कागद फुगल्यामुळे. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर चिकटवलेला पट वाकतो, आणि गणित त्या बाकाचं खापर भिंगावर फोडतं. म्हणून कागद जाड काचेवर, एकही बुडबुडा न ठेवता चिकटवावा.

मग पंधरा-वीस फोटो काढायचे, पट वेगवेगळ्या बाजूंना तिरका करून. सगळे फोटो समोरून, सरळ घेतले तर भिंगाचं नाभी-अंतर आणि पटाचं अंतर एकमेकांत मिसळतात. कुठलं किती, हे गणिताला वेगळं करता येत नाही. फोकस आणि झूम एकदा पक्के केले की नंतर रस्त्यावरही तेच ठेवायचे, आणि फोटो स्थिर करणारी मोबाइलची सोय बंद करायची.

शेवटी संगणक सरासरी चूक सांगतो. ती अर्ध्या पिक्सेलच्या आत आली की बहुतेक जण खूश होऊन थांबतात. मला हे पटत नाही. पट फोटोच्या कोपऱ्यांपर्यंत नेलाच नसेल, तरीही चूक लहानच दिसते, कारण कडेची परीक्षाच झालेली नसते. खरी तपासणी सोपी आहे: लोखंडी पट्टी फोटोच्या कडेला ठेवून एक वेगळा फोटो काढा, तो दुरुस्त करा आणि पट्टी सरळ दिसते का, तिची लांबी जुळते का, ते पाहा. फोटोवरून खड्डे मोजणाऱ्या प्रत्येक अहवालाला हा एक फोटो जोडण्याची सक्ती हवी.

एवढं करूनही भिंगच तेवढं दुरुस्त होतं. कॅमेरा तिरका असेल तर जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसणारच; त्यासाठी रस्त्यावर ठाऊक मापाच्या चार खुणा फोटोत याव्या लागतात. त्या रस्त्याच्या पातळीवरच हव्यात, खड्ड्याच्या तळाशी नव्हे. आणि खोली? एका फोटोतून ती मिळत नाही. पाणी भरलेल्या खड्ड्यात तर मुळीच नाही. तिथे काठी घालूनच मोजावं लागतं.