नानकटाई एका बाजूला करपते, दुसरीकडे पांढरीच? सहा ब्रेड स्लाइस सांगतील ओव्हन कुठे जास्त तापतो!

ठाणे : टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरात गेल्या दिवाळीत नानकटाईचे तीन घाणे झाले आणि तिन्ही वेळा तेच घडलं. ट्रेच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या नानकटाया तपकिरी, तर दाराजवळच्या पांढऱ्याफटक. ‘‘अरे, पिठातच काहीतरी चुकलंय,’’ असं आईचं म्हणणं. पण एकाच पिठाच्या नानकटाया दोन रंगांच्या कशा होतील? शेवटी चौथ्या घाण्याआधी ब्रेडचा पुडा आणला.

असं का होतं?
ओटीजीचं बटण १८० अंशांवर ठेवलं म्हणजे आत सगळीकडे १८० अंश असतात, असं नाही. तापमान मोजणारा थर्मोस्टॅट एकाच जागचं तापमान पाहतो. दाराच्या काचेतून आणि फटींतून उष्णता बाहेर जाते, त्यामुळे पुढचा भाग बहुधा थंड राहतो. पंखा असेल तर त्याच्यासमोरच्या भागाला गरम हवेचा झोत लागतो. प्रत्येक ओव्हनचा गरम कोपरा वेगळा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ब्रेडवर मात्र तो उमटतो.

चाचणी कशी करायची?
साधा पांढरा ब्रेड घ्या. सगळे स्लाइस एकाच पुड्यातले हवेत, कडेचे जाड तुकडे नकोत. वरचा आणि खालचा रॉड सुरू करून ओव्हन १८० अंशांवर १५ ते २० मिनिटं तापू द्या. ही घाई करू नका. सुरुवातीला रॉड सतत लालभडक असतात, तेव्हा ब्रेड ठेवला तर फक्त रॉडची आच दिसेल.

मग नेहमी ज्या खाचेत ट्रे ठेवता, त्याच खाचेत जाळी सरकवा. जाळीवर स्लाइस एकमेकांना चिकटून मांडा. आमच्या ओटीजीत मागे तीन, पुढे तीन असे सहा बसले. काचेतून पाहत राहा. एखादा स्लाइस नीट तपकिरी झाला की सगळे एकदम बाहेर काढा. आमच्याकडे ९ मिनिटं लागली. क्रम न बदलता ओट्यावर मांडून फोटो काढा. हाच तुमच्या ओव्हनचा नकाशा. स्लाइस उलटून खालची बाजूही पाहा. (टोस्ट वाया जात नाही, कटलेटला चुरा होतो.)

आमच्या नकाशात मागचा उजवा स्लाइस सर्वांत गडद, पुढचा डावा जवळपास पांढरा आणि मधले दोन सारखेच निघाले. पिठाची सुटका झाली.

ट्रे कधी फिरवायचा?
आमच्या नानकटाईला २० मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला ट्रे अर्धा फिरवला, म्हणजे मागची बाजू पुढे आली आणि उजवी डावीकडे गेली. फरक बराच कमी झाला, पण आता आधी पांढऱ्या राहणाऱ्या नानकटाया किंचित गडद निघाल्या!

कारण रंग वेळेच्या प्रमाणात चढत नाही. पहिली काही मिनिटं पीठ तापण्यात आणि वरचा ओलावा उडण्यात जातात. पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर गेला की साखर आणि प्रथिनांची मायार अभिक्रिया वेग घेते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं होतं. म्हणजे बहुतेक रंग शेवटच्या मिनिटांत येतो आणि तेव्हा गरम कोपऱ्यात जो असेल तो जास्त भाजला जातो. पुढच्या वेळी ट्रे बाराव्या मिनिटाला फिरवला आणि बाराही नानकटाया जवळपास एका रंगाच्या झाल्या. दार मात्र पटकन लावा, आतली गरम हवा क्षणात निघून जाते.

केकचं गणित वेगळं आहे. मधला भाग ओला असताना ट्रे हलवला किंवा दार उघडलं, तर केक बसू शकतो. त्यामुळे दोन तृतीयांश वेळ होऊन केक वर धरला गेल्यावरच फिरवा. दोन ट्रे एकाच वेळी असतील तर वरचा खाली, खालचा वर अशी अदलाबदलही करावी लागते.

फिरवूनही फरक पडला नाही तर?
नकाशा पुन्हा पाहा. गरम जागा बरोबर मध्यभागी असेल तर ट्रे कितीही फिरवा, मधला तुकडा मध्येच राहतो. तिथे मधली जागा रिकामी सोडून नानकटाया कडेने मांडणं सोपं. स्लाइसची वरची बाजू पांढरी आणि खालची करपलेली असेल, तर दोष पुढचा-मागचा नाही, वरचा-खालचा आहे. तेव्हा जाळी एक खाच वर घ्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हची थाळी स्वतःच फिरते, त्यामुळे तिथे बाजूंचा फरक फारसा राहत नाही. मध्य आणि कड यांतला फरक मात्र तिथेही दिसू शकतो.

आमच्या सहा स्लाइसचा फोटो आता फ्रीजच्या दारावर चिकटवलाय. मागच्या उजव्या कोपऱ्यावर आईने पेनाने मोठी फुली मारली आहे.