गर्भारपणात नोकरी बदलली, तर प्रसूतिरजा कोणाकडून?

केळवे, पालघर आणि बोईसर ही तीन गावे एकाच रेल्वेमार्गाने जोडलेली असली, तरी तेथील नोकऱ्यांचे स्वरूप फार वेगळे आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो कामगारांचे कारखाने आहेत. पालघरच्या बाजारपेठेत दहा-पंधरा माणसांच्या पेढ्या आणि कार्यालये आहेत. केळव्यात मात्र चार-सहा नोकरांची दुकाने आणि निवासगृहे अधिक. बोईसरचा रोजचा प्रवास झेपेनासा झाला म्हणून गर्भारपणात घराजवळची नोकरी धरणे येथील स्त्रीला साहजिक वाटते. परंतु या बदलात प्रसूतिरजेचा हक्क कधी टिकतो, कधी सहा दिवसांनी हुकतो, तर कधी नवा मालक एक पैसाही न देता ती रक्कम मिळते. हे ठरते दोन गोष्टींवरून : आस्थापनेत माणसे किती, आणि पैसे कोणाच्या तिजोरीतून यायचे.

दोन तिजोऱ्या

प्रसूतिलाभ देण्याच्या दोन व्यवस्था आपल्याकडे आहेत. पहिलीत मालक स्वतःच्या खिशातून रजेचा पगार देतो. हा १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी त्याचे मूळ नियम तेच राहिले आहेत. दुसरी व्यवस्था कामगार राज्य विमा योजनेची. तीत मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कर्मचारी पाऊण टक्का वर्गणी भरतात आणि प्रसूतीच्या काळातील रक्कम विमा महामंडळ देते. दोन्हींत पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांचा लाभ आहे आणि त्यांपैकी अधिकात अधिक आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर स्त्री सर्वसाधारणपणे विमा योजनेत येते. वेतन त्याहून अधिक असेल, तर जबाबदारी थेट मालकाची. नोकरी बदलणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने या दोन वाटांत फार मोठे अंतर आहे, आणि त्याचे मूळ जुने आहे.

मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई विधिमंडळात त्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला होता. मातेला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब असल्याने तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. भार एकट्या मालकावर टाकला, की ‘या बाईने माझ्याकडे किती दिवस काम केले?’ हा प्रश्न तो विचारणारच. कायद्यानेही तो प्रश्न मान्य केला आहे. भार सामायिक निधीवर असला, की हा प्रश्न उरत नाही. केवळ वर्गणी भरली गेली की नाही, एवढेच पाहिले जाते.

मालकाच्या खिशातून : ऐंशी दिवसांचा हिशेब

पहिल्या व्यवस्थेची अट अशी : अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत, ज्या मालकाकडे लाभ मागायचा त्याच्याच आस्थापनेत, किमान ऐंशी दिवस प्रत्यक्ष काम झालेले असावे. आधीच्या मालकाकडील दिवस यात धरले जात नाहीत. कायद्याने मिळणाऱ्या पगारी सुट्ट्या मात्र कामाच्या दिवसांत मोजल्या जातात. बिनपगारी रजा मोजली जात नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. बोईसरच्या एका कंपनीत दोन वर्षे हिशेबाचे काम केलेली केळव्याची एक स्त्री १ जुलै २०२६ रोजी पालघरच्या चौदा माणसांच्या पेढीत महिना २४,००० रुपयांवर रुजू झाली, असे समजा. प्रसूतीची अपेक्षित तारीख २० नोव्हेंबर. आठ आठवडे आधी म्हणजे २५ सप्टेंबरपासून ती रजेवर जाऊ शकते. रविवार वगळले, तर जुलैचे २७, ऑगस्टचे २६ आणि २४ सप्टेंबरपर्यंतचे २१, असे एकूण ७४ दिवस भरतात. ती २५ सप्टेंबरपासून घरी बसली, तर अवघ्या सहा दिवसांनी सव्वीस आठवड्यांच्या पगाराचा हक्क हुकतो. तीच स्त्री १ ऑक्टोबरपर्यंत कामावर आली, तर त्या दिवशी ऐंशी दिवस पूर्ण होतात. २ ऑक्टोबरपासून रजा सुरू केल्यास १ एप्रिल २०२७ पर्यंत तिला सरासरी दैनिक वेतनाच्या दराने रक्कम मिळते. मधल्या काळात गणपतीसाठी चार दिवस बिनपगारी रजा घेतली असेल, तर ऐंशीवा दिवस तेवढाच पुढे सरकतो. म्हणून रजेची तारीख ठरवताना डॉक्टरांच्या कागदाबरोबर पेढीचा हजेरीपटही समोर ठेवावा.

ऐंशी दिवस भरत आले, की कामावरून कमी करावे, असा मार्ग काही ठिकाणी सुचवला जातो. तो निरुपयोगी आहे. गर्भारपणात स्त्रीला काढून टाकले आणि तसे न करता तिला लाभ मिळाला असता, तर त्या काढण्याने तिचा हक्क जात नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो.

रुजू होतानाच गर्भारपण लपवले होते, असा आक्षेपही घेतला जातो. असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. नीरा माथुर १९८९ साली आयुर्विमा महामंडळात परिवीक्षाधीन म्हणून रुजू झाल्या. जानेवारी १९९० मध्ये त्यांना कन्या झाली आणि फेब्रुवारीत त्यांना सेवेतून कमी करण्यात आले. नोकरीच्या अर्जात मासिक पाळीविषयीचे प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे खरी दिली नाहीत, असा महामंडळाचा दावा होता. १९९१ च्या निकालात न्यायालयाने असे प्रश्न स्त्रीच्या शालीनतेस धक्का देणारे ठरवले, ते अर्जातून काढण्यास सांगितले आणि त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. मुलाखतीत हे प्रश्न विचारणाऱ्या पेढीने हा निकाल लक्षात ठेवावा.

दहाचा आकडा कसा मोजावा

‘आमच्याकडे आठच माणसे आहेत’ असे म्हणून अनेक दुकानदार निर्धास्त राहतात. कायदा मात्र आजचा आकडा पाहत नाही; मागील बारा महिन्यांतील कोणत्याही एका दिवशी दहा माणसे कामावर होती काय, हे पाहतो. दिवाळीच्या गर्दीसाठी पंधरा दिवस दोन मुले जादा ठेवली आणि वेतनपत्रकावर त्या दिवशी दहा नावे आली, तर ते दुकान पुढील वर्षभर कायद्याच्या कक्षेत राहते. पुरुष, स्त्रिया, हंगामी, कायम, सगळे नोकर यात येतात. मालक व भागीदार नोकर नसल्याने ते मोजले जात नाहीत. कारखान्याला मात्र, तो कायद्याच्या व्याख्येत बसत असेल, तर दुकानांसाठीचा हा दहाचा आकडा वेगळा लावला जात नाही.

विमा निधीतून : दिवस स्त्रीबरोबर चालतात

आता दुसरी वाट. विमा योजनेत वर्ष दोन वर्गणी काळांत विभागलेले असते : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येकाचा लाभ काळ तीन महिन्यांनंतर सुरू होतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ पुढील जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. प्रसूतिलाभासाठी लगतच्या दोन वर्गणी काळांत मिळून सत्तर दिवसांची वर्गणी पुरेशी असते, आणि ती कोणत्या मालकाकडे भरली गेली, हे पाहिले जात नाही.

दुसरे उदाहरण घ्या. बोईसरच्या कारखान्यात तीन वर्षे महिना १६,००० रुपयांवर काम करणाऱ्या स्त्रीने ३१ मे २०२६ रोजी नोकरी सोडली आणि १ जुलैपासून केळव्याच्या सहा नोकरांच्या दुकानात काम धरले. प्रसूती २० नोव्हेंबरला अपेक्षित. ही तारीख जुलै ते डिसेंबरच्या लाभ काळात पडते; म्हणून एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षातील वर्गणी पाहिली जाईल. ते सारे वर्ष तिने कारखान्यात काढले आहे. सहा माणसांचे दुकान कायद्याच्या बाहेर असल्याने दुकानदार काही देणे लागत नाही. परंतु तिला विमा महामंडळाकडून प्रसूतिलाभ मिळतो. नोकरी सुटली म्हणजे विमाही संपला, अशा समजुतीने पुष्कळ स्त्रिया हा दावाच करीत नाहीत.

उलट्या दिशेचा प्रवास मात्र कठीण ठरतो. त्याच स्त्रीने सहा माणसांचे दुकान सोडून १ जुलैला प्रथमच विमा योजनेतील कारखान्यात प्रवेश केला असता, तर तिचा पहिला लाभ काळ प्रवेशानंतर नऊ महिन्यांनी सुरू झाला असता. नोव्हेंबरची प्रसूती त्यापूर्वीच येते. या बाळंतपणासाठी विमा निधीतून रक्कम मिळाली नसती. मोठा कारखाना म्हणजे हमखास हक्क, असे समीकरण म्हणूनच धरता येत नाही.

येथे एक चूक वारंवार घडते. नवा मालक जुना विमा क्रमांक न विचारता नवा क्रमांक काढतो. मग जुन्या वर्गणीचे दिवस एका नोंदीत आणि नवे दुसऱ्या नोंदीत राहतात, आणि दावा करताना सत्तर दिवस अपुरे दिसतात. एका व्यक्तीचा विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. रुजू होतानाच तो नियुक्तीपत्रासोबत मालकाला लेखी द्यावा आणि पहिल्या पगारानंतर त्याच क्रमांकावर वर्गणी जमा झाली का, ते तपासावे.

दहाच्या आतील पेढीने काय करावे

सहा-सात नोकरांच्या दुकानातील स्त्रीला, मागील विमा वर्गणी नसेल तर, कायद्याने प्रसूतिरजेचा पगार मिळत नाही. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा आधार घेता येतो. पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. नोंदणी अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रामार्फत होते. सव्वीस आठवड्यांच्या वेतनापुढे ही रक्कम फार लहान आहे.

नव्या संहितेने लहान पेढीसाठी एक दार उघडले आहे. दहापेक्षा कमी माणसे असली, तरी मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांची संमती असेल, तर आस्थापना स्वेच्छेने विमा योजनेत येऊ शकते. १६,००० रुपये वेतनावर मालकाची वर्गणी महिना ५२० रुपये आणि कर्मचाऱ्याची १२० रुपये होते. सहा माणसांच्या दुकानाला एका कर्मचाऱ्याचा सहा महिन्यांचा पगार देणे जड जाईल. परंतु ही वर्गणी व्यापाराच्या नेहमीच्या खर्चात बसण्याजोगी आहे. पहिले नऊ महिने लाभ सुरू होत नसल्याने हा निर्णय एखादी कर्मचारी गर्भवती झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तो त्याआधीच, नव्या वर्षाच्या वह्या उघडताना घ्यायला हवा.