रात्री आठच्या इंजेक्शनाआधी

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली म्हणून ७८ वर्षांच्या एक आजी वॉर्डात दाखल आहेत, असं धरू. वजन ४० किलो. डॉक्टरांनी एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन ४० मिलिग्रॅम, दर बारा तासांनी लिहिलं आहे. किलोमागे एक मिलिग्रॅम या हिशेबाने ते बरोबर आहे. रक्तातलं क्रिएटिनिन १.४ म्हणजे थोडंसंच वाढलेलं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. आजींच्या अंगावर मांसच कमी, त्यामुळे मूत्रपिंडं बरीच मंदावली तरी हा आकडा फारसा चढत नाही. वय, वजन आणि क्रिएटिनिन कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात घातलं की गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण २१ मिलिलिटर निघते. ती ३० च्या खाली असेल तर हे इंजेक्शन दिवसातून एकदाच देतात, नाहीतर ते शरीरात साचून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हे फार्मासिस्टच्या लक्षात आलं, तरी डोस परस्पर बदलण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने डॉक्टरांना कळवायचं असतं. ‘डोस जास्त वाटतो, कृपया बघावे’ एवढंच लिहिलं, तर सगळा हिशेब डॉक्टरांना पुन्हा करावा लागतो आणि घाईच्या राउंडमध्ये ती ओळ तशीच राहते. केस पेपरवर ही टिपण बहुधा इंग्रजीत असते. तिचा मजकूर असा हवा:

‘एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ, दर १२ तासांनी. वय ७८, वजन ४० किलो, आजचं क्रिएटिनिन १.४, अंदाजे क्लिअरन्स २१. औषध साचून रक्तस्रावाची शक्यता. सुचवतो: ४० मिग्रॅ, दर २४ तासांनी. शेवटचा डोस आज सकाळी ८ ला दिला आहे. मान्य असल्यास रात्रीचा डोस वगळून पुढचा उद्या सकाळी ८ ला. हिमोग्लोबिन, प्लेटलेट व क्रिएटिनिन पाहत राहावे.’

यात ‘चुकीचा डोस’ हा शब्द कुठेच नाही, आणि तो नसावाच. केस पेपर कायमची नोंद असते. तिथे दोष कोणाचा हे ठरवायचं नसतं. माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ शेवटच्या डोसाच्या वेळेची आहे. ‘दर २४ तासांनी’ एवढंच लिहिलं तर रात्री आठचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हा प्रश्न नर्सपुढे उरतोच. रात्रीचे आठ जवळ आले असतील तर टिपण लिहून थांबायचं नाही. आधी फोन करायचा, मग कोणाशी, किती वाजता बोललो ते खाली लिहायचं.

या हिशेबालाही मर्यादा आहे. क्रिएटिनिन रोज चढत असेल तर सूत्र मूत्रपिंडांची क्षमता आहे त्याहून जास्त दाखवतं. अशा वेळी कालचा आणि आजचा, दोन्ही आकडे टिपणीत हवेत. ते पाहून डॉक्टर कदाचित सुचवलेला डोस न घेता साध्या हेपॅरिनच्या ड्रिपवर जातील, कारण ती बंद केल्यावर परिणाम काही तासांत ओसरतो. मग फार्मासिस्टने टिपणीखाली ‘सूचना बदलून स्वीकारली’ असं कारणासह लिहायचं आणि एनॉक्सापॅरिनची जुनी ऑर्डर खरोखर बंद झाली का, हे नर्सच्या औषध-तक्त्यावर तपासायचं.