परीक्षक नेमके काय म्हणाले?

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या सॉफ्टवेअर स्पर्धेत सहा जणांचा संघ 36 तास राबतो. परीक्षकांचे बोलणे मात्र काही मिनिटांत संपते आणि दमलेल्या मुलांच्या ते अर्धेच लक्षात राहते. म्हणून रेकॉर्डिंगवरून प्रत्येक संघासाठी बलस्थाने, उणिवा आणि सल्ला असे टिपण काढता येते.

आधी बोलणे शब्दशः उतरवायचे. कोण बोलले आणि कितव्या मिनिटाला, हे प्रत्येक वाक्यापुढे लिहायचे. मग वाटणी.

समजा, पिकांवरचा रोग ओळखणाऱ्या ॲपबद्दल एक परीक्षक म्हणतात, “स्क्रीन छान आहे, पण शेतात रेंज नसेल तर?” यातले कौतुक बलस्थानात जाते. प्रश्न मात्र लगेच उणीव ठरत नाही. आधी संघाचे उत्तर ऐकावे लागते. ॲप इंटरनेटशिवाय चालत नाही असे संघाने कबूल केले, तरच ती उणीव. “फोटो फोनमध्ये साठवा, रेंज आली की पाठवा,” हा झाला सल्ला.

दुसऱ्या परीक्षकांना तीच स्क्रीन किचकट वाटली, तर सरासरी काढू नये. दोन्ही मते वेगळी नोंदवावीत. टिपणातल्या एखाद्या मुद्द्याला रेकॉर्डिंगमधले मिनिट दाखवता आले नाही, तर तो लिहिणाऱ्याच्या मनातला समजून काढून टाकावा.