घरात सापडलेला रिमोट नेमका कशाचा? बटणं आणि पुढची काच बघून असं ओळखायचं

भिवंडीला लागून असलेल्या शेलारसारख्या गावात भाड्याच्या खोल्यांना तोटा नाही. यंत्रमाग आणि गोदामांमुळे कामाला येणारी माणसं येतात, राहतात, काम बदललं की खोली सोडतात. जाताना टीव्ही नेतात, सेट टॉप बॉक्स नेतात, पण कपाटाच्या मागे एखादा रिमोट हमखास राहून जातो. पुढचा भाडेकरू तो उचलतो, उलटापालटा करून बघतो आणि कचऱ्यात टाकतो.

आणि इथंच घोळ होतो. कारण तो रिमोट कधीकधी डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचा असतो.

समजा असाच एक रिमोट सापडलाय. पांढरा, तळहाताएवढा, मागे दोन पेन्सिल सेल. कंपनीचं नाव घासून गेलंय. बटणं दहा-अकराच. त्यातल्या काहींवर १ ते ५ आकडे पुसट दिसतात, एकावर चंद्रकोर आहे आणि एकावर घड्याळाचं चित्र. आता हा कशाचा?

बहुतेक लोक अशा वेळी बटणांवर काय लिहिलंय ते वाचत बसतात. त्यापेक्षा काय नाहीये ते बघितलं, तर काम लवकर होतं.

या रिमोटवर ६ ते ९ आणि शून्य नाहीत. म्हणजे यावरून चॅनेल नंबर टाकताच येणार नाही, त्यामुळे सेट टॉप बॉक्स बाद. टीव्हीच्या काही नव्या रिमोटवर आकडे नसतात हे खरं, पण मग त्यावर चार दिशांचं गोल बटण आणि मधोमध ओके असतं. इथं तेही नाही, म्हणून टीव्हीही बाद. छोटी स्क्रीन नाही, तापमान कमी-जास्त करायची बटणंही नाहीत, म्हणजे एसी बाद.

उरलं काय? पाच आकडे, झोपेची चंद्रकोर आणि टायमरचं घड्याळ. वेगाच्या पाच पायऱ्या, रात्री वेग कमी करायची सोय आणि काही तासांनी आपोआप बंद. हा बीएलडीसी पंख्याचा रिमोट. कमी वीज खाणारे हे पंखे आता सगळीकडे दिसतात. यातल्या बऱ्याच पंख्यांना भिंतीवर रेग्युलेटरच नसतो.

खात्री करायची असेल तर आधी स्विचबोर्डकडे बघा. पंख्याच्या बटणाशेजारी रेग्युलेटर नसेल, तर संशय पक्का होतो. मग पंख्याच्या मधल्या वाटीकडे खालून बघा. तिथं गडद रंगाचा छोटा ठिपका किंवा पट्टी दिसली, तर रिमोटचा सिग्नल घेणारा भाग तोच. भिंतीवरचं बटण चालू ठेवून रिमोट तिकडे धरायचा आणि ३ दाबायचा. बरेच पंखे बीप करतात. तसं झालं की विषय संपला.

हाच रिमोट कचऱ्यात गेला असता, तर पंखा भिंतीवरून फक्त चालू-बंद झाला असता, वेग बदलायची पंचाईत. आणि बाजारात मिळणारा ‘युनिव्हर्सल’ रिमोट साधारणपणे टीव्ही, सेट टॉप बॉक्स किंवा एसीसाठीच असतो. पंख्याला तो बहुतेक वेळा चालत नाही.

आता बाकीच्यांचं बघू. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स यांच्यात गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कारण लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार बटणं दोघांवरही असतात. त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी पॉवरची बटणं मोजा. पॉवरची दोन बटणं असतील, तर तो बहुतेक सेट टॉप बॉक्सचा. एक बॉक्ससाठी, दुसरं टीव्हीसाठी. टीव्हीची दोन-चार बटणं एका कोपऱ्यात वेगळी मांडलेली असतात. अक्षरं पूर्ण उडाली असतील, तर बोट फिरवून बघा. पाचच्या बटणावर बहुधा छोटा उंचवटा असतो, त्यावरून आकड्यांची जागा सापडते.

पत्त्यासारखा चपटा, नाण्याएवढ्या सेलवर चालणारा रिमोट असेल, तर त्यावर रंगीत गोल बटणांच्या रांगा आहेत का ते बघा. तसं असेल तर तो एलईडी पट्टीच्या लाइटचा. त्याच आकाराच्या रिमोटवर ‘ईक्यू’ आणि ‘१००+’ असं लिहिलेलं असेल, तर तो पेन ड्राइव्हवर गाणी वाजवणाऱ्या स्पीकरचा किंवा गाडीतल्या प्लेअरचा. १००+ हे शंभराच्या पुढच्या गाण्यावर जायला.

बटणांवरून भागलं नाही, तर रिमोटचं पुढचं टोक बघायचं. तिथं काळपट किंवा गडद लाल प्लॅस्टिकची काच असते, नाहीतर पारदर्शक छोटा एलईडी उघडाच दिसतो. तो साधारण ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारा फिल्टर असू शकतो, म्हणून सेल्फी कॅमेरा वापरा. आधी घरातल्या चालू रिमोटवर प्रयोग करा. त्याचाच प्रकाश दिसला नाही, तर दोष तुमच्या कॅमेऱ्याचा, सापडलेल्या रिमोटचा नाही.

या चाचणीत आणखी एक गंमत आहे. टीव्हीच्या रिमोटवर आवाजाचं बटण दाबून धरलं, तर प्रकाश सारखा लुकलुकत राहतो. एसीच्या रिमोटवर मोडचं बटण धरून ठेवलं, तर साधारण एकदाच चमकतो आणि थांबतो. कारण एसीचा रिमोट नुसतं ‘एक डिग्री वाढव’ असं सांगत नाही. तापमान, मोड, पंख्याचा वेग ही सगळी माहिती तो दरवेळी एकत्र पाठवतो. म्हणूनच त्याला स्क्रीन लागते. ही चाचणी तापमानाच्या बटणावर मात्र करू नका, ते दाबून धरलं की आकडे पळतात आणि सिग्नलही पुन्हा जाऊ शकतो.

कोणतंही बटण दाबून प्रकाश दिसला नाही, तर लगेच निकाल लावू नका. सेलच्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल, तर ती कोरड्या कापडाने पुसून नवे सेल टाका. तरी काही नाही, पुढे काचही दिसत नाही आणि वरच्या बाजूला माइकचं बारीक छिद्र आहे? मग तो ब्लूटूथवर चालणारा स्मार्ट टीव्ही किंवा स्ट्रीमिंग स्टिकचा रिमोट असण्याची शक्यता मोठी. काही स्टिकचे रिमोट दोन्ही वापरतात. होमचं बटण दाबलं तर कॅमेऱ्यात अंधार, आणि आवाजाचं दाबलं की प्रकाश, कारण स्टिकशी ते ब्लूटूथने बोलतात आणि टीव्हीचा आवाज इन्फ्रारेडने बदलतात. असा रिमोट दुसऱ्याच्या स्टिकला नुसता समोर धरून चालत नाही, आधी तो जोडावा लागतो.

काच बघून कंपनी मात्र कळत नाही. त्यासाठी सेलच्या झाकणाच्या आत बघा. बाहेरचं नाव घासून गेलं तरी तिथला मॉडेल नंबर अनेकदा शाबूत असतो. दुकानदाराला तो नंबर दाखवला की योग्य रिमोट मिळतो.