दातावर लावलेलं आणि पोटात गेलेलं

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्यानं अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटला. तिथं जन्मून वाढलेल्या माणसांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसत. काहींचे तर सगळेच दात चॉकलेटी. मोठेपणी बाहेरगावाहून येऊन राहिलेल्यांचे दात मात्र स्वच्छ. कुणी म्हणे डुकराचं मांस फार खाल्ल्यानं होतं, कुणी म्हणे दूधच निकस. मॅकेचा संशय पिण्याच्या पाण्यावर होता. १९२३ मध्ये आयडाहोतल्या ओकली गावात त्याला पुष्टी मिळाली. गरम पाण्याच्या एका झऱ्यावरून गावात नळ आला होता आणि त्यानंतरच मुलांचे दात डागाळू लागले होते. त्याच्या सांगण्यावरून गावानं तो झरा सोडला. काही वर्षांतच लहान मुलांचे नवे दात स्वच्छ निघू लागले.

त्या पाण्यात नेमकं काय होतं, हे १९३१ मध्ये कळलं. ते शोधणारा रसायनतज्ज्ञ चर्चिल हा एका ॲल्युमिनियम कंपनीचा नोकर. ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर तेव्हा विषारीपणाचे आरोप होत होते, म्हणून दातांच्या डागांचा ठपकाही आपल्यावर येऊ नये ही त्याची काळजी. त्याला पाण्यात सापडलं फ्लुओराइड. पण मॅकेनं आणखी एक गोष्ट टिपली होती आणि ती जास्त कोड्यात टाकणारी होती. डागाळलेल्या या दातांना कीड कमी लागत होती.

दाताला डाग पाडणारी आणि दाताला वाचवणारी वस्तू एकच कशी? उत्तर दडलंय फ्लुओराइड कधी आणि कुठल्या वाटेनं दातापर्यंत पोचतं यात.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा असतो. एकदा दात उगवला की या कवचात जिवंत पेशी उरत नाहीत, त्यामुळे हाडासारखं ते स्वतःला सांधू शकत नाही. आपण गोड खाल्लं की दातावरच्या थरातले जिवाणू त्यातून आम्ल तयार करतात. तिथला सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली उतरला की स्फटिक विरघळू लागतात. थोड्या वेळानं लाळ आम्ल धुऊन नेते आणि सुटलेली खनिजं पुन्हा दातावर बसू लागतात. हा जमाखर्च दिवसातून अनेकदा चालतो. सतत खर्चच जास्त झाला, की कीड.

लाळेत अगदी थोडं जरी फ्लुओराइड असलं तरी ते अर्धवट झिजलेल्या स्फटिकांना चिकटतं आणि कॅल्शियम, फॉस्फेट तिकडे ओढून घेतं. या नव्या थरात फ्लुओराइड मिसळलेलं असल्यानं तो आम्लाला जास्त दाद देत नाही. शुद्ध फ्लुओरॲपटाइट विरघळायला सामू ४.५ च्या आसपास यावा लागतो. म्हणजे डागडुजी होते, ती मूळ कामापेक्षा पक्की.

अनेक दशकं दंतवैद्यांची समजूत वेगळी होती. फ्लुओराइड पोटात गेलं पाहिजे, रक्तातून घडणाऱ्या दातात मुरलं पाहिजे, म्हणजे दात जन्मतःच मजबूत निघेल, असं मानलं जाई. पाश्चात्त्य देशांत लहान मुलांना त्यासाठी गोळ्या आणि थेंब देत. या समजुतीला धक्का दिला तो शार्क माशानं. शार्कच्या दाताचं कवच जवळजवळ शुद्ध फ्लुओरॲपटाइटचं असतं. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शार्कच्या इनॅमलचे तुकडे माणसांच्या तोंडात, मुद्दाम मळ साचेल अशा बेतानं, काही आठवडे बसवले. त्यातूनही खनिज निघून गेलंच. स्फटिकात कोंडलेलं फ्लुओराइड एकट्यानं पुरत नाही. ते दाताभोवतीच्या ओलाव्यात मोकळं असावं लागतं. फ्लुओराइडयुक्त पाण्यानंही कीड कमी होते, ती मुख्यतः ते दिवसभर दातांना लागत राहतं म्हणून. पोटातून होणारा फायदा शून्य नाही, पण थोडका. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकावी, पण खळखळून चुळा भरू नयेत, असं दंतवैद्य सांगतात ते याचसाठी.

नुकसानाचं मात्र उलट आहे. ते फक्त आतून होतं, आणि दात हिरडीखाली घडत असतानाच.

इनॅमल बनवणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचा साचा उभारतात. स्फटिक वाढू लागले की हा साचा काढून न्यावा लागतो, स्लॅब पक्का होताना सेंटरिंग काढतात तसा. रक्तात फ्लुओराइड जास्त असेल तर प्रथिनं वेळेवर हटत नाहीत, स्फटिकांना जागा मिळत नाही आणि पृष्ठभागाखाली कवच सच्छिद्र राहतं. प्रकाश त्यात विखुरतो, म्हणून ते खडूसारखं पांढरं दिसतं. तपकिरी रंग दात उगवल्यावर चढतो. छिद्रांत अन्नपाण्यातले रंग मुरतात. वरच्या समोरच्या दातांसाठी साधारण दीड ते अडीच वर्षांचं वय सर्वांत नाजूक. अक्कलदाढा सोडल्या तर आठव्या वर्षापर्यंत कायमच्या दातांची मुकुटं घडून होतात. त्यानंतर दंत फ्लुरोसिस नव्यानं होत नाही, आणि झालेला आपोआप जातही नाही.

अमेरिकी सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन यानं १९३० च्या दशकात याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरतात. तोंडातल्या सर्वांत जास्त बाधित दोन दातांवरून पायरी ठरते. निरोगी दातापुढची पहिली पायरी ‘संशयास्पद’: एखाददुसरा पांढरा ठिपका. ‘अतिसौम्य’ म्हणजे कागदासारखे अपारदर्शक पांढरे पट्टे, पण दाताच्या पाव भागापेक्षा कमी. ‘सौम्य’मध्ये ते निम्म्यापर्यंत जातात. इथवर पुष्कळांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताही नसतो. ‘मध्यम’ पायरीवर सगळा पृष्ठभाग बाधित होतो, चावण्याच्या जागी झीज दिसते आणि तपकिरी डाग बहुधा असतात. ‘तीव्र’मध्ये कवचाला खड्डे पडतात, ते टवके उडाल्यासारखं दिसतं, असा दात मजबूत राहत नाही, उलट लवकर तुटतो.

निदानात गफलत होते ती गुटखा-तंबाखूच्या डागांशी. ते डाग वरचे असतात, दवाखान्यात दात साफ केले की बरेचसे निघतात. फ्लुरोसिसच्या खुणा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्या आणि आडव्या रेघांनी दिसतात. दुधाचा दात किडून खालच्या कायमच्या दाताला इजा झाली असेल, तर पांढरा डाग सहसा एकट्याच दातावर असतो.

आता हिशेब मांडू. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लुओराइड जास्त आहे. ते खडकांतूनच उतरतं. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. समजा एखाद्या हापशाच्या पाण्यात ते २.५ आहे. दहा किलो वजनाचं दोन वर्षांचं मूल उन्हाळ्यात त्याचं लिटरभर पाणी प्यायलं, तर किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम पोटात गेलं. सुरक्षित धरलं जाणारं प्रमाण ०.०५ ते ०.०७ च्या आसपास, म्हणजे हे साडेतीन ते पाचपट झालं. भातावरणातून जाणारं पाणी वेगळंच. पेस्टचंही बघू. हजार पीपीएमच्या पेस्टच्या एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम फ्लुओराइड असतं. ब्रशभर पेस्ट गिळणारं मूल रोज तेवढं घेतं. म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहाव्यापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट, तीही मोठ्यांनी आपल्या हातानं लावून द्यावी. पेस्ट बंद करण्याची गरज नाही. तिचा उपयोग दातावर आहे, पोटात नाही.

हापशाच्या पाण्यातलं फ्लुओराइड चवीला, वासाला, रंगाला काही कळत नाही, त्यामुळे ते तपासूनच घ्यावं लागतं. घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे पाणी उकळणं, आणि तो इथं चुकीचा. उकळल्यानं जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि फ्लुओराइड तेवढंच राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरनंही ते जात नाही. आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचं गाळणं चालतं, गावपातळीवर तुरटी आणि चुना वापरणारी नागपूरच्या ‘नीरी’ची नालगोंडा पद्धत चालते. सर्वांत स्वस्त तोड बहुतेकदा गावातच असते: खोल बोअर सोडून, तपासलेल्या उथळ विहिरीचं किंवा साठवलेल्या पावसाचं पाणी प्यायला ठेवायचं, आणि हापशा धुण्याभांड्यांना.